बारा तारखेला भरलेलं बिल सोळा तारखेला जमा: लेट फी परत मिळवण्याची प्रक्रिया

क्रेडिट कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख शनिवार, १२ एप्रिल २०२५. त्याच दिवशी रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यातून एनईएफटीने पूर्ण रक्कम, म्हणजे ३८,४६० रुपये, कार्डावर पाठवले. खात्यातून पैसे लगेच वजा झाले. मग २३ एप्रिलचं नवं स्टेटमेंट आलं. त्यात हे ३८,४६० रुपये १६ एप्रिल या तारखेला जमा दाखवलेले, आणि खाली लेट फी, तिच्यावर जीएसटी, व्याज आणि व्याजावर पुन्हा जीएसटी अशा चार ओळी.

हे पैसे पुढे पूर्ण परत आले. त्यासाठी नेमकं काय करावं लागलं आणि बँकेचं म्हणणं कुठे तोकडं पडलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी सुट्ट्यांचं गणित, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १२ एप्रिल हा दुसरा शनिवार, १३ रविवार आणि १४ एप्रिल आंबेडकर जयंती. महाराष्ट्रात सलग तीन दिवस बँका बंद. बिलाची तारीख सुट्टीवर आली की ती आपोआप पुढच्या कामाच्या दिवशी ढकलली जाते, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. क्रेडिट कार्डाला ती लागू नाही. ही समजूत बहुधा कर्जाच्या हप्त्यांवरून आली असावी. खात्यातून हप्ते आपोआप कापणारी नॅच ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सगळे दिवस चालू झाली. त्याआधी सुट्टीच्या दिवशीचा हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी कापला जायचा आणि लोकांना त्याची सवय होती. कायद्याचं म्हणाल तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५ मध्ये सुट्टीच्या दिवशी मुदत संपणाऱ्या हुंडीचा नियम आहे, पण तो नेमका उलटा आहे: अशी हुंडी आधीच्या कामाच्या दिवशी देय धरायची. तेव्हा ‘बँक बंद होती, म्हणून मंगळवारी भरलं’ हा मुद्दा तक्रारीत लिहूच नये. तो टिकत नाही, आणि खरा मुद्दाही त्याच्यामुळे दुबळा होतो.

खरा मुद्दा हा, की पैसे पाठवायला सुट्टीचा अडथळा नव्हताच. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाच्या ४८ बॅचेस असतात आणि बॅचचा हिशेब पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत पैसे घेणाऱ्या बँकेने ते ग्राहकाच्या खात्यात जमा करायचे असतात. रात्री ८:४० ला दिलेली सूचना साधारणपणे ९ च्या बॅचमध्ये जाते. म्हणजे फार तर ११ वाजेपर्यंत, बारा तारीख संपायच्या आत, पैसे पोहोचायला हवेत. शनिवार असो की रविवार.

मग १६ तारीख कुठून आली? कार्डाचा हिशेब बँकेच्या मुख्य प्रणालीत नसतो, त्याची प्रणाली वेगळी असते. एनईएफटीचे पैसे आधी बँकेच्या एका जमा खात्यात येतात आणि तिथून सोळा आकडी कार्ड क्रमांकाशी जुळवून कार्डाच्या खात्यावर चढवले जातात. त्यालाच ‘पोस्टिंग’ म्हणतात. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत आपोआप होतं. कार्ड नुकतंच बदललेलं असेल, नावात फरक निघाला असेल किंवा फाइल अडकली असेल, तर ते माणसाच्या हाती जातं, आणि माणूस सुट्टीनंतरच कामावर येतो. इथे पैसे शनिवारी आले आणि बुधवारी चढले. ग्राहकाने पैसे दिल्याची तारीख आणि बँकेने ते चढवल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेची प्रणाली दंड मोजताना फक्त दुसरी तारीख पाहते.

आता तीन दिवसांच्या सवलतीबद्दल. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांनुसार खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवता येते. हे दिवस स्टेटमेंटवरच्या शेवटच्या तारखेपासून मोजायचे. नियमात ‘दिवस’ म्हटलं आहे, कामकाजाचे दिवस नव्हे. त्यामुळे १३, १४ आणि १५ एप्रिल हे तीन दिवस सुट्टी असतानाच बहुतेक संपले आणि १६ ला पोस्टिंग झालं तेव्हा चौथा दिवस उजाडला होता. पंधरा तारखेला, म्हणजे बँक उघडली त्याच दिवशी, पोस्टिंग झालं असतं तर लेट फी लागलीच नसती. सलग सुट्ट्या आल्या की या तक्रारी वाढतात त्या याच कारणाने.

ही सवलत व्याजाला मात्र लागू नाही, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. पूर्ण बिल शेवटच्या तारखेपर्यंत भरलं नाही असं धरलं गेलं की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून लागतं. या बिलात दोनच खरेद्या होत्या: ५ मार्चची २४,००० रुपयांची आणि १५ मार्चची १४,४६० रुपयांची. व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पहिल्या खरेदीवर १६ एप्रिलपर्यंतच्या ४२ दिवसांचं व्याज १,१५९.८९ रुपये होतं आणि दुसरीवर ३२ दिवसांचं ५३२.४४ रुपये. एकूण १,६९२.३३. त्यावर १८ टक्के जीएसटी ३०४.६२. लेट फी ९५० आणि तिच्यावरचा जीएसटी १७१. चारही ओळींची बेरीज ३,११७.९५ रुपये.

नवी खरेदी त्या काळात झाली नव्हती, म्हणून हिशेब इतका सोपा राहिला. नाहीतर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

ही बेरीज आधी करून ठेवणं फार महत्त्वाचं. कारण फोन केला की पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतं, “सर, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, आम्ही लेट फी वेव्ह करतो.” ग्राहक खूश होतो, फोन ठेवतो. ९५० परत येतात, कधी १७१ धरून येतात, कधी तेही नाही. उरलेले दोन हजार तसेच राहतात. त्याहून वाईट म्हणजे ही सूट ‘गुडविल’ म्हणून नोंदली जाते. त्याचा अर्थ असा होतो की चूक तुमची होती आणि बँकेने मोठ्या मनाने सोडून दिलं. अशी सूट सहसा वर्षातून एकदाच देतात, आणि पुढच्या वेळी ‘तुम्हाला आधी एकदा दिलं आहे’ हे उत्तर तयार असतं. तेव्हा फोनवर स्पष्ट सांगावं: सूट नको आहे, आकारणी चुकीची आहे आणि ती उलटवायची आहे, फी, व्याज आणि दोन्हींवरचा जीएसटी, सगळंच. आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

फोन २४ एप्रिलला झाला. लेखी तक्रार ईमेलने २५ ला गेली. मधल्या वेळात पुरावे गोळा केले.

पहिला कागद म्हणजे पैसे पाठवणाऱ्या बँकेच्या खात्याचं स्टेटमेंट, पीडीएफमध्ये. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्यात बऱ्याचदा फक्त ‘यशस्वी’ असं असतं आणि कार्ड क्रमांक नसतो. दुसरं म्हणजे यूटीआर, प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र क्रमांक. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो आणि तो वाचता येतो. नमुन्यादाखल, काल्पनिक बँकेचा:

```
ABCDN25102004417
```

पहिली चार अक्षरं पैसे पाठवणाऱ्या बँकेची खूण. त्यानंतरच्या एका अक्षरापुढचे पाच आकडे पाहा: 25 म्हणजे २०२५ आणि 102 म्हणजे वर्षातला १०२ वा दिवस. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ आणि एप्रिलचे १२, बेरीज १०२. म्हणजे बारा एप्रिल ही तारीख त्या क्रमांकातच कोरलेली आहे. ‘पैसे आमच्याकडे सोळाला निघाले’ असं कोणी म्हणालं तर हे पाच आकडे दाखवायचे.

तिसरा पुरावा सगळ्यात भक्कम, आणि तो बहुतेक जण डिलीट करून टाकतात. एनईएफटीचे पैसे पलीकडच्या खात्यात जमा झाले की ती बँक तसा संदेश उलट पाठवते आणि तुमची बँक तुम्हाला एसएमएस करते: अमुक यूटीआरची रक्कम लाभार्थीच्या खात्यात अमुक तारखेला, अमुक वाजता जमा झाली. पैसे कापल्याचा एसएमएस वेगळा, हा वेगळा. या प्रकरणात तो रात्री ९:२७ चा होता. हा संदेश मुळात कार्ड देणाऱ्या बँकेनेच दिलेल्या पावतीवर आधारलेला असतो. म्हणजे पैसे बारा तारखेला मिळाल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलेलं आहे. एसएमएस हरवला असेल तर तुमच्या बँकेच्या शाखेत यूटीआर देऊन जमा झाल्याची वेळ लेखी मागता येते.

यानंतर कट-ऑफचा, म्हणजे त्या दिवसाचं पेमेंट धरण्याच्या शेवटच्या वेळेचा प्रश्न. प्रत्येक बँकेच्या कार्डासोबत महत्त्वाच्या अटींचं पत्रक येतं, ज्याला सगळे एमआयटीसी म्हणतात. त्यात कोणत्या मार्गाने भरलेले पैसे कधी धरले जातील हे लिहिलेलं असतं, आणि ते बँकेगणिक वेगळं असतं. कुठे ‘संध्याकाळी सातनंतरचं पेमेंट दुसऱ्या दिवशीचं’ असं असतं, कुठे ‘एनईएफटीला एक कामकाजाचा दिवस’, कुठे काहीच नसतं. तक्रार लिहिण्याआधी हे पान वाचायलाच हवं. बँक पहिल्या उत्तरात याच पानाचा आधार घेणार, हे धरूनच चाला. पण वाचताना एक लक्षात घ्या: कट-ऑफ उलटला तरी त्याने पेमेंट एक दिवस पुढे जातं, चार दिवस नाही. बारा तारखेच्या रात्रीचं पेमेंट तेराचं धरलं, तरी थकबाकी एकाच दिवसाची होते आणि लेट फी लागत नाही. व्याजाबद्दल मात्र बँक अशा वेळी अडून बसू शकते. म्हणून तक्रारीत दोन्ही मुद्दे वेगळे मांडायचे.

पत्र लांबलचक नव्हतं. मजकूर असा:

“माझ्या कार्डाच्या, शेवटचे चार अंक अमुक, २३ मार्च २०२५ च्या बिलाची पूर्ण रक्कम ३८,४६० रुपये १२ एप्रिल २०२५ रोजी एनईएफटीने भरली आहे. यूटीआर सोबत आहे. त्याच दिवशी रात्री ९:२७ ला ही रक्कम आपल्या बँकेत जमा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडील पोस्टिंग १६ एप्रिलला झालं, त्या विलंबाशी माझा संबंध नाही. कृपया पेमेंटची तारीख १२ एप्रिल धरून २३ एप्रिलच्या बिलातील चारही आकारण्या, एकूण ३,११७.९५ रुपये, रद्द कराव्यात. ही सवलतीची विनंती नाही. १५ एप्रिल किंवा ३० एप्रिलच्या नोंदीत माझं खातं थकीत दाखवलं असल्यास तेही दुरुस्त करून कळवावं.”

शेवटचं वाक्य उगाच नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँका क्रेडिट ब्युरोला महिन्यातून दोनदा, पंधरा तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवू लागल्या. १५ एप्रिलला हे खातं बँकेच्या हिशेबाने तीन दिवस थकलेलं होतं. तीनपेक्षा जास्त नाही, म्हणून ते कळवायलाच नको होतं. तरी खात्री केलेली बरी. ब्युरोकडे चुकीची नोंद गेलीच, तर तिथे वेगळी तक्रार करावी लागते, आणि तक्रारीपासून तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

पहिलं उत्तर ५ मे रोजी आलं, अपेक्षेप्रमाणेच: ‘पेमेंट १६ एप्रिल रोजी प्राप्त झाल्याने आकारणी योग्य आहे.’ अशा उत्तराने खचून जाऊ नये. हा बहुतेक वेळा तयार मजकूर असतो आणि जोडलेले कागद कोणी उघडलेलेही नसतात. ६ मे रोजी तीच तक्रार, आधीच्या क्रमांकासह, बँकेतच वरच्या पातळीवर तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे गेली. त्यात एकच प्रश्न वाढवला: यूटीआरची रक्कम आपल्या बँकेच्या जमा खात्यात किती तारखेला आणि किती वाजता आली, ते कळवा. या प्रश्नाला ‘१६ एप्रिल’ असं उत्तर देता येत नाही, कारण मग एनईएफटीचे पैसे चार दिवस उशिरा जमा केल्याचं मान्य करावं लागतं, आणि तशा उशिराबद्दल बँकेनेच ग्राहकाला रेपो दर अधिक दोन टक्क्यांनी व्याज द्यायचं असतं.

दरम्यान १३ मे ही नव्या बिलाची शेवटची तारीख आली. वाद चालू असताना ते ३,११७.९५ रुपये भरायचे की नाही? माझं मत स्पष्ट आहे: भरून टाकावेत आणि ‘आक्षेप कायम ठेवून भरत आहे’ असा एक ओळीचा ईमेल त्याच तक्रारीवर करावा. तत्त्वासाठी ते अडवून ठेवले तर त्यांच्यावर नवं व्याज आणि नवी लेट फी चढते आणि मूळ प्रश्न त्या गुंत्यात हरवतो. निकाल आपल्या बाजूने लागला की भरलेले पैसे कार्डावर जमा होतातच.

१९ मे रोजी बँकेने चारही आकारण्या उलटवल्या. २३ मेच्या स्टेटमेंटमध्ये त्या चार वेगळ्या ओळींत जमा दिसल्या आणि शिल्लक उणे ३,११७.९५ झाली. हे तपासताना एकूण आकडा न पाहता ओळी मोजाव्यात. जीएसटीची एखादी ओळ राहून जाते, ती मागितल्याशिवाय येत नाही.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नसतं किंवा शेवटपर्यंत नाकारलं असतं, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. तक्रार cms.rbi.org.in वर विनामूल्य करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट तिथे गेलात तर ती स्वीकारत नाहीत. म्हणूनच २५ एप्रिलच्या ईमेलची तारीख इतकी मोलाची. तिथेही हेच तीन पुरावे लागतात.

हे सगळं दर वेळी जमेलच असं नाही. रात्री ११:५० ला एनईएफटी केली तर ती १२ च्या बॅचमध्ये जाते आणि जमा होईपर्यंत तारीख उलटलेली असते. तिथे उशीर आपलाच. कार्ड क्रमांकातला एक आकडा चुकला आणि पैसे परत आले, तर पेमेंट झालंच नाही. धनादेश ड्रॉपबॉक्समध्ये टाकल्याची तारीख धरत नाहीत, वटल्याची धरतात. ऑटोपे लावलेलं असेल तर पैसे कापण्याची वेळ पहाटेची असू शकते आणि संध्याकाळी खात्यात रक्कम भरून उपयोग होत नाही. शिल्लक आदल्या दिवशीच हवी. नव्याने जोडलेल्या लाभार्थीला पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवता येत नाही, हेही नेमकं शेवटच्या तारखेलाच कळतं.

अ‍ॅपवरून बिल भरलं असेल तर पुरावा वेगळा असतो. तो मार्ग बीबीपीएस या बिलं भरण्याच्या यंत्रणेचा, जिला आता भारत कनेक्ट म्हणतात. तिथे यूटीआरपेक्षा पावतीवरचा बी-कनेक्ट व्यवहार क्रमांक महत्त्वाचा, कारण कार्ड देणारी बँक तुमचं पेमेंट त्याच क्रमांकाने शोधते. यूपीआयचा बारा आकडी क्रमांक फक्त तुमच्या खात्यातून पैसे गेल्याचं सांगतो, ते कोणत्या कार्डासाठी गेले हे सांगत नाही. पावती त्याच दिवशी उतरवून ठेवावी. तिच्यावर बँकेचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, तारीख आणि वेळ दिसते आहे ना, ते पाहावं.